लाल रंग फिका दिसतोय का गं?

टीबीच्या गोळ्या चालू आहेत हे तू घरात नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाहीस, हे मला कळतं. मानेवरची गाठ ओढणीखाली झाकता येते, गोळ्यांचं पाकीट साड्यांच्या घडीत लपवता येतं, आणि सासरी चर्चा नको वाटते. माझ्या तोंडून ते कुठे बाहेर जाणार नाही. पण एका माणसाला तू ते स्वतःहून सांगायचंस. जो कुणी तुझे डोळे तपासेल, त्याला. अगदी चष्म्याच्या दुकानातल्या मुलालासुद्धा.

ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून मी इतकी वर्षं काढली. समोरच्या खुर्चीत बसलेल्या बाईला विचारलं, ‘काही गोळ्या चालू आहेत का?’ तर दहातल्या निम्म्या जणी ‘नाही’ म्हणतात. बीपीची गोळी सांगतील, थायरॉइडची सांगतील, टीबीची नाही सांगणार. बरोबर सासू किंवा जाऊ आलेली असली तर विचारायलाच नको. मग मी काहीतरी निमित्त काढून बरोबरच्या बाईला केसपेपर आणायला पाठवते आणि पुन्हा विचारते.

तुझ्या पाकिटातली गोळी दिसायला एक आहे, पण तिच्यात चार औषधं आहेत. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल. पहिले दोन महिने ही चारही. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. यातलं इथाम्ब्युटॉल डोळ्याच्या मागच्या नसेला त्रास देऊ शकतं. ही गोष्ट नवी नाही. औषध १९६१ मध्ये सापडलं आणि त्याच्या पाठोपाठच डोळ्यांच्या तक्रारी नोंदल्या जाऊ लागल्या. तरीही ते टिकून आहे, कारण ते कामाचं आहे. एखाद्याच्या जंतूंवर आयसोनियाझिड चालत नसेल, तर रिफाम्पिसिनच्या सोबतीला हे उभं राहतं.

आपल्याकडे पूर्वी आठवड्यातून तीन दिवस गोळ्या देत, तेव्हा नव्या रुग्णांचं इथाम्ब्युटॉल साधारण पहिल्या दोन महिन्यांनंतर बंद व्हायचं. आता रोजच्या गोळ्या आहेत आणि ते शेवटपर्यंत चालू राहतं. डोळ्यांचा त्रास सुरू होतो तोही बहुतेक वेळा दोन महिन्यांनंतरच, त्याआधी क्वचित. म्हणजे कसं होतं बघ. ताप गेलेला असतो, भूक लागायला लागते, वजन वाढतं, बाईला वाटतं आता आपण बऱ्या झालो. दवाखान्यात जायचं ते फक्त गोळ्या आणायला. आणि नेमके तेच महिने डोळ्यांवर लक्ष ठेवायचे असतात. मणक्याच्या किंवा हाडाच्या टीबीत तर उपचार वर्षभर चालतो, तिथे ही मुदत आणखी लांबते.

घाबरू नकोस. वजनाच्या प्रत्येक किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास औषध असलं तर हा त्रास शंभरात एकीलाही होत नाही. २५ च्या आसपास गेलं की शंभरात पाच-सहा जणींना होऊ शकतो, असे जुन्या अभ्यासांचे आकडे आहेत. आपल्या सरकारी गोळीत इथाम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम असतं. मोठ्या माणसांना गोळ्या वजनाच्या टप्प्याप्रमाणे मिळतात. ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार. तुझं वजन ४४, गोळ्या तीन. ८२५ मिलिग्रॅमला ४४ ने भाग, किलोमागे पावणेएकोणीस येतात. ठीक आहे, ठरलेल्या मर्यादेतलं आहे. पण तीनच गोळ्या ४९ किलोच्या बाईला किलोमागे १७ पडतात आणि ३६ किलोच्या बाईला २३. टप्पा एकच, तरी जी सगळ्यात हडकुळी तिच्या वाट्याला सगळ्यात जास्त. यात कुणाची चूक नाही, गावोगावी गोळ्या पोचवायच्या तर टप्पे करावेच लागतात. फक्त आपण कुठल्या टोकाला आहोत हे आपल्याला माहीत असावं. आणि हे गणित आपल्या माहितीसाठी हं, त्यावरून घरच्या घरी गोळी कमी करायची नाही.

दुसरी गोष्ट मूत्रपिंडाची. हे औषध शरीरातून मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड मंद असलं तर ते रक्तात साचत जातं, आणि कागदावर बरोबर दिसणारा डोस शरीराला जास्त होतो. म्हणून जुना मधुमेह, जुनं बीपी, साठी-पासष्टीच्या पुढचं वय असलं की मी आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागते.

आता एका बाईंचं सांगते. नाव-गाव नाही सांगत. वय बावन्न, ब्लाउज शिवायचा धंदा, हाताला चांगली सफाई. मणक्याचा टीबी निघाला, वर्षभराच्या गोळ्या सुरू झाल्या. वजन ३६, गोळ्या तीन. मधुमेह बारा वर्षांचा. गोळ्या सुरू करताना डोळे कुणी तपासले नव्हते, त्यांनीही विचारलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात एका गिऱ्हाईकाने ब्लाउज परत आणला. मरून कापडाला तपकिरी दोरा लावला होता. बाईंना वाटलं, संध्याकाळी ट्यूबखाली शिवला म्हणून चुकलं असेल. मग तसंच दुसऱ्यांदा झालं. त्या दोऱ्याची रिळं लेकीकडून निवडून घ्यायला लागल्या आणि हे कुणाला बोलल्या नाहीत. अक्षरं वाचता येत होती, सुईत दोरा जात होता, मग डोळे बिघडलेत असं कोण म्हणेल? दुखत नव्हतं, लाल नव्हते, पाणी येत नव्हतं. पाचव्या महिन्यात समोरच्याच्या चेहऱ्याचा मधला भाग धूसर वाटायला लागला, तेव्हा दुकानात जाऊन नवा चष्मा केला. दुकानातल्या मुलाने गोळ्यांचं विचारलं होतं. ‘शुगरची आहे’ एवढंच बाईंनी सांगितलं. नव्या चष्म्याने फरक पडला नाही. त्यांना वाटलं काच वाईट दिली. महिनाभर दुकानाच्या चकरा मारून मग आमच्याकडे आल्या.

मी तक्ता वाचायला लावला. दोन्ही डोळ्यांना ६/२४, म्हणजे निरोगी डोळ्याने २४ मीटरवरून वाचता येणारी ओळ त्यांना ६ मीटरवरून लागत होती. मग डोळ्यापुढे बारीक भोकाची काळी चकती धरली. दोष चष्म्याच्या नंबरचा असेल तर त्या भोकातून अक्षरं स्वच्छ होतात. त्यांची जराही झाली नाहीत, म्हणजे चष्मा बदलून उपयोग नव्हता. मग इशिहाराचं पुस्तक काढलं, रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेले असतात ना, ते. पहिल्या पानावरचा १२ त्यांनी वाचला, तो रंगांधळ्यालाही वाचता येतो. पुढची पानं कोरी वाटली. दोन्ही डोळ्यांचं सारखंच. थेंब घालून डॉक्टरांनी पडदा पाहिला, तर नसेचं तोंड अगदी निरोगी दिसत होतं.

हे ‘निरोगी’ फसवं असतं. नसेला इजा डोळ्याच्या मागे होत असते, पुढून पाहिलं तर सुरुवातीला काहीच दिसत नाही. नसेचा फिकेपणा दिसायला लागतो तो पुष्कळ उशिरा, आणि तोवर बरंच हातचं गेलेलं असतं. म्हणून कुणी नुसता पडदा बघून ‘डोळे छान आहेत’ म्हणालं, तर तेवढ्यावर समाधान मानू नकोस. रंग तपासले का, विचार.

मग मी बरोबर आलेल्या लेकीला बाहेर बसवून बाईंना टीबीचं विचारलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, आणि पिशवीच्या तळातून पाकीट काढलं. क्रिएटिनिन केलं, १.९ आलं. ३६ किलो वजन, मूत्रपिंड अर्धवट थकलेलं, सहा महिन्यांचं औषध. सगळं एका रेषेत आलं. त्याच दिवशी टीबीच्या डॉक्टरांशी बोलून इथाम्ब्युटॉल बंद झालं, आणि उरलेली औषधं सुटी करून, मूत्रपिंडाचा विचार करून पुढे चालू ठेवली.

पुढचं नीट ऐक, कारण इथे माणसं हताश होतात. औषध बंद केल्यावर तीन आठवड्यांनी त्यांची नजर आणखी उतरली, ६/३६ झाली. असं होतं. औषध थांबलं तरी काही आठवडे घसरण चालू राहू शकते. मग हळूहळू वर यायला लागली. पाच महिन्यांनी ६/१२, वर्षाने ६/९. आता त्या शिवतात. पण मरून आणि तपकिरी आजही त्यांना उन्हात नेल्याशिवाय वेगळे कळत नाहीत. सगळ्यांची नजर एवढीही परत येत नाही. काहींची मुळीच येत नाही. किती परत येईल हे बरंचसं किती लवकर थांबवलं यावर असतं. चौथ्या महिन्यातल्या त्या परत आलेल्या ब्लाउजाच्या दिवशी त्या आल्या असत्या, तर मला बहुतेक ६/६ किंवा ६/९ नजर आणि इशिहाराची काही चुकलेली पानं सापडली असती.

आधी रंगच का जातो? डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मधोमध जो ठिपका आहे, तिथून निघणारे तंतू सगळ्यात बारीक, आणि त्यांना ऊर्जा सतत लागते. बारीक अक्षरं आणि रंग ओळखायचं काम त्यांचंच. इथाम्ब्युटॉल तांबं आणि जस्त यांसारख्या धातूंना धरून ठेवतं. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेला तांबं लागतं, ते अडलं की सगळ्यात आधी याच तंतूंची उपासमार होते, असं मानतात. रंगाची जाण बऱ्याचदा अक्षरांच्या आधी उतरते. लाल-हिरवं जाणं नेहमीचं, पण काहींचं निळं-पिवळंही जातं, आणि इशिहारात ते सापडत नाही. त्यामुळे पुस्तकातले सगळे आकडे वाचले आणि तरी तुला काहीतरी वेगळं वाटतंय, तर तुझ्या वाटण्यावर विश्वास ठेव. अशा वेळी नजरेचं क्षेत्र मोजायची फील्ड टेस्ट, नसेच्या तंतूंची जाडी मोजणारं ओसीटी, हे डॉक्टर सांगतील.

घरी काय करायचं ते सांगते. आठवड्यातून एकदा, सकाळच्या उजेडात, खिडकीशी. नेहमी तीच जागा आणि तीच वेळ ठेव, कारण ट्यूबखाली आणि संध्याकाळी रंग तसेही बदलतात. चष्मा असेल तर लाव. एक डोळा तळहाताने झाक, बोटांनी दाबू नकोस. भिंतीवरच्या कॅलेंडरातले रविवारचे लाल आकडे आणि शेजारचे काळे आकडे बघ. लाल तितकेच लाल आहेत का, की तपकिरी, मळकट वाटतात? मग दुसऱ्या डोळ्याने. बहुतेक ठिकाणी सांगतात, दोन्ही डोळ्यांची तुलना करा. ती करच, पण या त्रासात बहुतेक वेळा दोन्ही डोळे बरोबरीने जातात, त्यामुळे दोन्हीकडे सारखंच फिकं दिसेल आणि तुला वाटेल सगळं ठीक आहे. म्हणून आणखी एक कर. कुंकवाचा करंडा किंवा बाटलीचं लाल झाकण हातभर अंतरावर धर, त्याच्याकडे सरळ बघ. मग झाकण तिथेच ठेवून नजर थोडी बाजूला, वीतभर हलव. चांगल्या डोळ्याला सरळ बघताना लाल जास्त भडक दिसतो. बाजूला बघताना तो जास्त भडक वाटला, म्हणजे मधोमध फिकं पडलंय. त्या दिवशी वाट बघायची नाही. वर्तमानपत्रातली बारीक अक्षरंही एकेका डोळ्याने त्याच अंतरावरून वाचून बघ, ओळीच्या मधली अक्षरं गळतात का ते कळतं.

एक गंमत सांगते, कारण यानेही बायका घाबरून येतात. रिफाम्पिसिनने लघवी, घाम, कधी अश्रूही नारिंगी होतात. लेन्स वापरत असलीस तर ती डागाळेल. त्याचा आणि रंग ओळखण्याचा काही संबंध नाही.

घरची परीक्षा दवाखान्याच्या तपासणीची जागा घेत नाही. गोळ्या सुरू होतानाच एकदा नजर, रंग आणि पडदा तपासून लिहून ठेवायला हवा. नंतर बिघडलं की तुलना कशाशी करायची, हा प्रश्न नेहमी येतो. पुरुषांत तर शंभरातल्या सात-आठ जणांना लाल-हिरव्याचा जन्मजात गोंधळ असतो आणि कित्येकांना तो माहीतही नसतो. आधीची नोंद नसेल तर नवं-जुनं कसं सांगणार? बायकांत तो अगदी कमी, दोनशेत एखादी. त्यानंतर मी महिन्यातून एकदा तपासते, विशेषतः ज्यांना किलोमागे १५ पेक्षा जास्त औषध पडतं किंवा मूत्रपिंड कमजोर आहे त्यांना. फार वेळ लागत नाही, तक्ता आणि इशिहारा मिळून दहा मिनिटं. लहान मुलांना तर ‘रंग फिका दिसतो’ असं सांगताच येत नाही. त्यांच्याबाबतीत आईने पाहायचं, चित्रातले रंग चुकवतं का, पुस्तक एकदम तोंडाशी धरतं का.

समज, एखाद्या सकाळी आकडे मळकट दिसले. मग काय? पाकीट फेकून द्यायचं नाही. हेच मी सगळ्यात जास्त वेळा सांगते. बायका घाबरून चारही औषधं बंद करतात, टीबी उलटतो, आणि उलटलेला टीबी गोळ्यांना दाद देईनासा होऊ शकतो. बंद करायचं असतं एकच औषध, आणि ते तुझ्या गोळीत बाकीच्यांबरोबर एकत्र बांधलेलं असल्यामुळे घरी वेगळं काढता येत नाही. म्हणून त्याच दिवशी टीबीच्या डॉक्टरांना किंवा केंद्रावर गाठायचं, पुढच्या गोळ्या घ्यायच्या दिवसाची वाट बघत बसायचं नाही. कुणाला विचारावं कळेना तर निक्षयचा १८००-११-६६६६ हा नंबर फुकट लागतो. पुढची गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टर सांगतील आणि इथाम्ब्युटॉल वगळून सुटी औषधं देतील. एकदा डोळ्यांमुळे ते बंद झालं की पुन्हा कधीही घ्यायचं नसतं. ते कागदावर लिहून घ्यायचं आणि तो कागद जपायचा, कारण पाच वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांना ते कसं कळणार?

आणि प्रत्येक धूसरपणा इथाम्ब्युटॉलचाच असतो असंही नाही. बी-१२ कमी असलं, तंबाखू-मशेरी असली, तर अशीच नस बिघडते. मोतीबिंदू असतो, शुगर असते. आयसोनियाझिडनेही क्वचित होतं, म्हणून इथाम्ब्युटॉल बंद करून काही आठवड्यांत थांबलं नाही तर डॉक्टर त्याच्याकडे वळतात. बिघडलेल्या टीबीत लिनेझोलिड देतात, तेही नसेला त्रास देतं. हे निवडायचं काम आमचं. तुझं काम एवढंच की दिसलेला फरक त्याच दिवशी बोलायचा, आणि गोळ्यांचं खरं सांगायचं.

तुझा दुसरा महिना संपत आलाय. डोळे अजून कुणी तपासलेले नाहीत, हे मला तुझ्याशी बोलतानाच कळलं. मंगळवारी सकाळी नऊला ओपीडीत ये. गोळ्यांचं पाकीट आण, जुना-नवा चष्मा आण, शुगर-क्रिएटिनिनचा रिपोर्ट असेल तर तोही. सासूबाईंना ‘चष्म्याचा नंबर काढायला जाते’ एवढं सांग, ते खोटंही नाही. थेंब घालावे लागतील, तीन-चार तास जवळचं धूसर दिसेल आणि ऊन डोळ्यांवर येईल. त्यामुळे स्कूटी घेऊन येऊ नकोस, नवऱ्याला बरोबर आण.